पावत्या साडेअठरा लाखांच्या, मग बँकेत कमी का?

संस्थेचे वर्ष ३१ मार्चला संपते, पावती पुस्तके ऑडिटरच्या टेबलावर जातात आणि जूनच्या सुमाराला विश्वस्तांच्या हाती एक छोटे टिपण येते. ‘देणगीच्या पावत्या आणि बँकेतला भरणा जुळत नाही’ एवढे वाचले की विश्वस्तांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे पैसे कोणी खाल्ले? दुसरी प्रतिक्रिया याच्या अगदी उलट असते. थोडाफार फरक राहायचाच, असे म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. टिपण नीट वाचले तर या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या ठरतात.

महाराष्ट्रातील संस्थांच्या ऑडिटमध्ये नेहमी सापडणाऱ्या गोष्टी घेऊन असे एक टिपण येथे नमुन्यादाखल रचले आहे. संस्था कल्पित आहे आणि आकडेही समजावून सांगण्यासाठी बेतलेले आहेत. कायद्यातल्या तरतुदी आणि बँकांच्या सुट्ट्या मात्र खऱ्या आहेत. तालुक्याच्या गावी विद्यार्थी वसतिगृह आणि वाचनालय चालवणारा एक नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे असे समजू. त्याच्या अध्यक्षांना ऑडिटरने लिहिले:

“मा. अध्यक्ष, स. न. वि. वि.

२०२३-२४ या वर्षात देणगीच्या पावत्या १८,६४,५०० रुपयांच्या आहेत. परत आलेले चेक आणि व्याज वगळता देणगी खात्यात १७,८२,००० रुपये जमा झाले आहेत. फरक ८२,५०० रुपयांचा आहे. त्याची फोड अशी:

पावती आहे, पण या वर्षीच्या भरण्यात रक्कम नाही –
१) ३० व ३१ मार्चला मिळालेले, २ एप्रिलला भरलेले चेक: ८५,०००
२) तांदूळ व वह्यांच्या रूपाने आलेली देणगी: ४६,०००
३) परत आलेला चेक, पावती रद्द केलेली नाही: २५,०००
४) वार्षिक कार्यक्रमात जमलेल्या रोकडीतून परस्पर केलेला खर्च: ३८,१००
५) ऑनलाइन देणग्यांवर कापलेले शुल्क: ५,९००
६) ११ ते २८ मार्चची रोकड, १२ एप्रिलला भरलेली: ३४,५००
एकूण: २,३४,५००

बँकेत रक्कम आहे, पण या वर्षीची पावती नाही –
७) थेट खात्यात आलेल्या देणग्या: १,१२,०००
८) मार्च २०२३ मध्ये पावती दिलेले, एप्रिल २०२३ मध्ये भरलेले चेक: ४०,०००
एकूण: १,५२,०००

क्र. ६ बद्दल लेखी खुलासा हवा. १४ जूनला रोकड मोजली तेव्हा रोखवहीप्रमाणे ३६,००० रुपये शिल्लक हवी होती, डब्यात १,५०० रुपये होते. क्र. ७ मधील देणगीदारांची नावे व पत्ते मिळवावेत. इतर दुरुस्त्या सोबतच्या यादीप्रमाणे कराव्यात.”

टिपण एवढेच आहे. त्यात आरोपही नाही आणि दिलासाही नाही.

८२,५०० हा आकडा काय सांगतो?

फारसे काही सांगत नाही. एका बाजूच्या २,३४,५०० मधून दुसऱ्या बाजूचे १,५२,००० वजा करून तो आलेला आहे. म्हणजे प्रत्यक्षात ३,८६,५०० रुपयांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याचशा एकमेकींना झाकून बसल्या आणि वर फक्त ८२,५०० दिसले. यंदा थेट खात्यात आलेल्या देणग्या थोड्या जास्त असत्या, तर फरक शून्यही दिसला असता. मग सगळे ठीक आहे असे वाटून कोणी पुढे पाहिले नसते आणि सहाव्या क्रमांकाची गोष्ट तशीच दबून राहिली असती.

म्हणून जाणता ऑडिटर बेरजेला बेरीज लावून थांबत नाही. तो पावती पुस्तकाची एकेक स्थळप्रत घेतो, ती रोखवहीत कुठे लिहिली आहे ते पाहतो आणि तिथून बँकेच्या भरणा स्लिपपर्यंत व खातेउताऱ्यापर्यंत जातो. मग उलट दिशेने, खातेउताऱ्यातल्या प्रत्येक जमेपासून मागे पावतीपर्यंत येतो. पावतीकडून बँकेकडे गेले की न भरलेले पैसे सापडतात. बँकेकडून पावतीकडे आले की पावती न दिलेले पैसे सापडतात. यातली एकच दिशा तपासली तर अर्धेच चित्र हाती येते.

कॅलेंडरने पाडलेला फरक

पहिला आणि आठवा क्रमांक हे निव्वळ तारखांचे फरक आहेत. २०२४ च्या मार्चअखेरीस तर कॅलेंडरच आडवे आले होते. २९ मार्चला गुड फ्रायडे होता. ३० तारखेला पाचवा शनिवार असल्याने बँका चालू होत्या, पण ३१ ला रविवार आला आणि १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद राहिल्या. आर्थिक वर्ष संपण्याआधी करसवलतीची पावती हवी म्हणून देणगीदार नेमक्या याच दोन दिवसांत चेक घेऊन येतात. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी आलेला चेक मंगळवारी, २ एप्रिललाच बँकेत जाऊ शकत होता. पावती मार्चची आणि भरणा एप्रिलचा, यात कोणाची चूक नाही. मागच्या वर्षी असेच राहिलेले ४०,००० रुपये यंदाच्या एप्रिलमध्ये जमा झाले. तो या फरकाचा आरसा आहे.

तरीही ऑडिटर हा फरक नुसत्या शब्दावर सोडत नाही. ८५,००० रुपयांचे चेक एप्रिलच्या पहिल्या काही दिवसांत खातेउताऱ्यात दिसलेच पाहिजेत. मार्चची पावती असलेला चेक मे महिन्यात जमा झाला असेल, तर पावती मागची तारीख टाकून दिल्याची शक्यता मोठी असते. एप्रिलमध्ये उशिरा आलेला देणगीदार गळ घालतो की पावती मार्चचीच द्या आणि संस्थेला त्याचे मन मोडवत नाही. पण पावत्यांवर अनुक्रमांक छापलेले असतात. ३० मार्चची तारीख असलेली पावती जर १० एप्रिलच्या पावतीनंतरच्या क्रमांकावर असेल, तर पुस्तकच खरे काय ते सांगते.

पैसा न आलेली पावती

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात बँकेत कमी काहीच नाही, पावतीच जास्तीची आहे.

एका व्यापाऱ्याने वसतिगृहाला तांदूळ दिला, दुसऱ्याने वह्या दिल्या. लेखनिकाने दोन्हींची बाजारभावाने किंमत धरून नेहमीच्याच पुस्तकातून पावत्या फाडल्या. तांदूळ बँकेत भरता येत नाही, तेव्हा ४६,००० रुपयांचा फरक पडणारच. यातली खरी अडचण वेगळी आहे. आयकर कायद्याच्या कलम ८०जी खालची वजावट फक्त पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीला मिळते, वस्तूला मिळत नाही. नेहमीच्या पावतीवर ८०जी चा मजकूर छापलेला असतो, त्यामुळे देणगीदाराचा समज होतो की आपल्याला सवलत मिळणार. वस्तुरूप देणगीसाठी वेगळे पावती पुस्तक ठेवावे, त्यावर वस्तू, वजन किंवा नग लिहावेत आणि माल साठा नोंदवहीत चढवावा. असे केले की हा फरक पुढच्या वर्षी उरत नाही.

तिसरा क्रमांक परत आलेल्या चेकचा आहे. चेक हातात पडताच पावती दिली गेली. चार दिवसांनी खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्यासह तो परत आला. बँकेने जमा केलेली रक्कम वजा केली, पण पावती पुस्तकाला याचा पत्ताच नाही. संस्थेच्या हिशेबात २५,००० रुपयांची देणगी उभी आहे आणि ती आलेलीच नाही. म्हणून पावतीवर ‘चेक वटल्यावरच ग्राह्य’ असे छापलेले असावे. चेक परत आला की स्थळप्रतीवर तारखेसह ‘रद्द’ असा शेरा मारावा, मूळ पावती परत मागवून तिथेच जोडावी आणि रोखवहीत उलट नोंद करावी. मूळ पावती जोडलेली नाही आणि स्थळप्रतीवर नुसतेच ‘रद्द’ लिहिले आहे, अशी पावती दिसली की ऑडिटर तिथे थांबतो. रोख घेऊन मूळ पावती देणगीदाराला द्यायची आणि मागाहून स्थळप्रत रद्द दाखवायची, हा अपहाराचा जुना मार्ग आहे.

वाटेत कमी झालेली रक्कम

ऑनलाइन देणगीत देणगीदाराच्या खात्यातून १,००० रुपये जातात, पण संस्थेच्या खात्यात तेवढे येत नाहीत. पैसे पोहोचवणारी कंपनी आपले शुल्क कापून घेते. शुल्क दोन टक्के असेल तर २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३ रुपये ६० पैसे, म्हणजे खात्यात येतात ९७६ रुपये ४० पैसे. त्यातही एकेका देणगीची जमा वेगळी दिसत नाही. दिवसभराच्या देणग्यांची एकच गोळाबेरीज एक-दोन दिवसांनी जमा होते. वर्षभरात अडीच लाखांच्या ऑनलाइन देणग्या आल्या आणि ५,९०० रुपये शुल्कात गेले, हा पाचव्या क्रमांकाचा सगळा अर्थ आहे. पावती १,००० ची द्यायची, देणगी १,००० ची दाखवायची आणि २३ रुपये ६० पैसे खर्चात टाकायचे. कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळणारा दररोजच्या हिशेबाचा अहवाल जपून ठेवला, तर हा फरक पैशापैशापर्यंत सुटतो.

चौथा क्रमांक याच जातीचा वाटतो, पण तो तेवढा साधा नाही. वार्षिक कार्यक्रमात टेबल मांडून पावत्या फाडल्या गेल्या. मांडववाला समोर उभा होता, जेवणाचे पैसे द्यायचे होते. जमलेल्या रोकडीतूनच ३८,१०० रुपये दिले आणि उरलेले बँकेत भरले. बिले आहेत, सह्या आहेत, कोणी काही घेतलेले नाही. तरी दोन गोष्टी बिघडल्या.

एक म्हणजे जमलेली रोकड आणि बँकेतला भरणा यांतला सरळ दुवा तुटला. आता त्या दिवशीचा भरणा बरोबर आहे का, हे ठरवायला प्रत्येक बिल खरे आहे असे आधी मानावे लागते. दुसरी गोष्ट कराची आहे. धंद्यातल्या रोख खर्चावरची मर्यादा २०१८ च्या वित्त कायद्याने धर्मादाय संस्थांनाही लागू झाली. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर संस्थेच्या उद्दिष्टांसाठी केलेला खर्च म्हणून ती धरली जात नाही. मांडववाल्याला २२,००० रुपये रोख दिले असतील, तर काम खरे असूनही संस्थेच्या कराच्या हिशेबात ते २२,००० अडचणीचे ठरतात. म्हणून ऑडिटरचा आग्रह असतो की आलेली रोकड जशीच्या तशी बँकेत भरा आणि खर्च चेकने किंवा बँकेतून करा. किरकोळ खर्चासाठी ठरावीक रकमेची वेगळी पेटी ठेवा.

पैसे आले, पण कोणाचे?

सातवा क्रमांक विश्वस्तांना सहसा आवडतो, कारण तिथे पैसे जास्तीचे आहेत. संस्थेच्या पत्रकावर खाते क्रमांक आणि क्यूआर कोड छापला. लोकांनी घरबसल्या पैसे पाठवले. खातेउताऱ्यात अर्धवट नाव आणि व्यवहाराचा लांबलचक क्रमांक एवढेच उमटले. कोणी कळवले नाही, कोणी विचारले नाही, पावती निघाली नाही. असे १,१२,००० रुपये जमा झाले.

देणगीदाराचे नाव आणि पत्ता संस्थेच्या नोंदीत नसेल, तर आयकर कायदा त्या देणगीला निनावी देणगी मानतो. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट आहे, वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला नाही. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंतच्या निनावी देणग्यांना हा विशेष कर लागत नाही. त्यावरच्या रकमेवर ३० टक्के कर आहे. या संस्थेच्या देणग्यांचे पाच टक्के लाखाच्या किंचित खाली येतात, म्हणून मर्यादा एक लाखाची धरायची. एकही नाव सापडले नाही, तर वरच्या १२,००० वर ३,६०० रुपये मूळ कर लागेल. रक्कम छोटी आहे, पण क्यूआर कोडवरून येणाऱ्या देणग्या वाढत जातील तसा हा आकडाही वाढत जाईल.

देणगीदाराचे नुकसान तर लगेच होते. २०२१-२२ पासूनच्या देणग्यांसाठी ८०जी ची मान्यता असलेल्या संस्थेला देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये आयकर विभागाकडे पाठवावी लागते. वर्ष संपल्यानंतर ३१ मे ही त्याची मुदत असते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. त्या यादीवरूनच देणगीदाराला फॉर्म १०बीई मधले प्रमाणपत्र मिळते. ज्याचे नाव यादीत नाही त्याला प्रमाणपत्र नाही. त्यामुळे जून-जुलैमध्ये विवरणपत्र भरताना लोकांचे फोन सुरू होतात. ऑडिटरच्या दृष्टीने हे फोन मोलाचे असतात, कारण बँकेत पैसे आले पण पावती निघाली नाही, याचा पुरावा देणगीदार स्वतःहून घेऊन आलेला असतो.

येथे आणखी एक सवय तपासावी लागते. काही वेळा देणगीदार मोबाइलवर पैसे पाठवल्याचे चित्र दाखवतो आणि टेबलावरचा कार्यकर्ता ते पाहून पावती देतो. पैसे संस्थेच्या खात्यात गेले की कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्यात, हे त्या चित्रावरून भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पावतीवर व्यवहाराचा क्रमांक लिहिण्याची पद्धत असेल तर तो खातेउताऱ्यात शोधता येतो. क्रमांक सापडला नाही तर पैसे दुसरीकडे गेले आहेत, किंवा गेलेलेच नाहीत.

पुढे सरकत जाणारा खड्डा

आता सहावा क्रमांक. वरवर पाहता तो पहिल्या क्रमांकासारखाच दिसतो. मार्चची पावती आणि एप्रिलचा भरणा. १२ एप्रिलला ३४,५०० रुपये खात्यात आलेही. मग खुलासा नेमका याचाच का मागितला?

चेक दोन दिवस अडकला त्याला सुट्टीचे कारण होते. ११ मार्चला घेतलेली रोकड १२ एप्रिलपर्यंत कार्यालयातच होती, तर महिनाभर कशासाठी ठेवली? लेखनिकाचे उत्तर असू शकते की बँक लांब आहे, वेळ झाला नाही. ते खरेही असू शकते. आळस आणि अपहार यांत फरक करण्याची एक साधी कसोटी आहे. आळस असेल तर न भरलेली रोकड कोणत्याही दिवशी डब्यात सापडते. म्हणून ऑडिटरने मागची कागदपत्रे चाळण्याबरोबर १४ जूनला, न कळवता, डबा उघडायला सांगितला. रोखवहीप्रमाणे ३६,००० हवे होते, निघाले १,५००. तूट बरोबर ३४,५०० रुपयांची.

मग मार्चची रोकड एप्रिलमध्ये भरली ती कुठून आली? याचे उत्तर १२ एप्रिलच्या भरणा स्लिपांत मिळते. ११ ते २८ मार्चच्या त्या पावत्या सगळ्या रोखीच्या आहेत. त्या दिवशी भरलेल्या ३४,५०० मध्ये मात्र नोटा १९,५०० च्याच आहेत. उरलेले १५,००० रुपये एका चेकचे आहेत. तो चेक ९ एप्रिलचा आहे आणि त्या देणगीदाराची पावती २० एप्रिलला फाडलेली आहे. मार्चमध्ये रोखीने मिळालेल्या पैशांचा एप्रिलमध्ये चेक होऊ शकत नाही. म्हणजे मार्चची रोकड आधीच गेली होती आणि तिची जागा एप्रिलमध्ये आलेल्या नव्या देणग्यांनी भरली. मग एप्रिलच्या देणग्यांची जागा पुढच्या देणग्यांनी भरली. अशा रीतीने खड्डा जूनपर्यंत सरकत आला.

ऑडिटर मग मागेही गेला. ८ जानेवारीपर्यंतची रोकड १८ जानेवारीला भरलेली होती, १८ पर्यंतची २९ ला. दर वेळी दहा-अकरा दिवसांचे अंतर होते. त्याआधी, सप्टेंबरपर्यंत, रोकड तिसऱ्या दिवशी भरली जात होती. पैसे कधी उचलले गेले असावेत याचा अंदाज ही बदललेली चाल देते. मार्चच्या पावत्यांतले पैसे मार्चमध्येच गेले असे मात्र यातून ठरत नाही.

या प्रकारात वर्षअखेरीची बेरीज जुळलेली दाखवणे फार सोपे असते. भरणा फक्त एक-दोन आठवडे मागे राहतो, आणि तेवढे तर सगळीकडेच चालते असे म्हणता येते. तो पकडण्याचे मार्ग तीनच आहेत. पावतीची तारीख आणि भरण्याची तारीख यांतले अंतर पाहणे, पावत्यांतली रोख-चेकची विभागणी आणि स्लिपांवरची विभागणी शेजारी शेजारी ठेवणे, आणि पूर्वसूचना न देता रोकड मोजणे. भरणा स्लिपच्या बँकेने शिक्का मारलेल्या प्रती संस्था जपून ठेवत नसेल, तर दुसरा मार्ग बंद होतो. म्हणून पावती पुस्तकाइतकीच स्लिप जपावी लागते.

बेरीज जुळूनही पैसे गेलेले असतात तेव्हा

याच प्रकाराचे एक रूप आणखी अवघड आहे. समजा, संस्थेकडे टपालाने २०,००० रुपयांचा चेक आला. लेखनिकाने त्याची पावतीच फाडली नाही. त्याच दिवशी पावत्या देऊन २०,००० रुपये रोख घेतले होते. त्याने रोकड खिशात घातली आणि तिच्या जागी चेक बँकेत भरला. पावत्या २०,००० च्या, भरणा २०,००० चा. ताळमेळ पत्रकात कुठेही फरक येत नाही. संस्थेला मिळाले ४०,००० आणि हिशेबात दिसले २०,०००.

हे सापडते ते पुन्हा रोख-चेकच्या विभागणीवरून, किंवा टपालाने चेक पाठवणारा देणगीदार प्रमाणपत्र मागू लागला की. आवक टपालाची नोंदवही लेखनिकाऐवजी दुसऱ्या कोणी लिहिली, तर हा मार्ग बराच अरुंद होतो.

ऑडिटच्या मर्यादाही येथेच दिसतात. ज्या रोख देणगीची पावतीच दिली गेली नाही आणि जी बँकेतही गेली नाही, तिचा कोणत्याही कागदावर मागमूस नसतो. पावती आणि बँक यांचा ताळमेळ त्याबद्दल मुकाच राहतो. दानपेटीचे तसेच आहे. पेटीला दोन कुलपे, किल्ल्या दोघांकडे, उघडताना तीन जण हजर, नोटा-नाण्यांचा तक्ता करून तिथेच सह्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण भरणा, एवढे झाले तरच पेटीचा हिशेब तपासण्याजोगा होतो. न वापरलेल्या पावती पुस्तकांचीही तीच गोष्ट. किती पुस्तके छापली, कोणाला कोणत्या क्रमांकाची दिली, किती परत आली, याची नोंदवही नसेल तर एखादे पुस्तक बाहेर फिरत असले तरी कोणाला कळणार नाही. म्हणून ऑडिटर छपाईचे बिल मागतो. बिलात पन्नास पुस्तके आणि कपाटात व वापरात मिळून एकोणपन्नास भरली, तर पन्नासावे शोधावेच लागते.

टिपणाला उत्तर

ऑडिटरने ‘अपहार’ हा शब्द वापरलेला नाही, तो मुद्दाम. त्याने काय पाहिले ते लिहिले. पैसे कोणी, कशासाठी उचलले हे त्याने पाहिलेले नाही. कदाचित लेखनिकाने कोणा विश्वस्ताच्या तोंडी सांगण्यावरून वसतिगृहाच्या दुरुस्तीला रक्कम दिली असेल आणि तिचे व्हाउचर झाले नसेल. ते शोधणे आणि लेखी सांगणे हे विश्वस्त मंडळाचे काम आहे.

त्यासाठी वेळ ठरलेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद करायचे असतात आणि नियमांप्रमाणे ऑडिट त्यानंतर सहा महिन्यांत व्हायचे असते. जमा आणि खर्च हिशेबात बरोबर दाखवले आहेत का, तपासणीच्या दिवशी ताब्यातली रोकड हिशेबाशी जुळली का, याची उत्तरे ऑडिटरला अहवालात द्यावीच लागतात. अनियमित, बेकायदा किंवा अयोग्य खर्च, संस्थेचे येणे वसूल करण्यातली कसूर, पैशांचे नुकसान हेही त्याला नमूद करावे लागते. अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. जूनमधले टिपण म्हणजे त्याआधी मिळालेली संधी असते. खुलासा समाधानकारक आला आणि रक्कम परत जमा झाली, तरी ‘मोजणीच्या दिवशी ३४,५०० रुपये कमी होते’ ही नोंद अहवालात राहते. पण तिच्या पुढे विश्वस्तांनी काय केले, तेही लिहिता येते.

अध्यक्षांनी यावर करायच्या गोष्टी थोड्या आणि नेमक्या आहेत. सभा बोलावून टिपण इतिवृत्तात घ्यायचे. लेखनिकाचा लेखी खुलासा मागायचा आणि तो येईपर्यंत रोकड व रोखवही या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे ठेवायच्या नाहीत. ऑक्टोबरपासूनच्या रोख देणगीदारांपैकी काहींना संस्थेच्या नावाने पत्र पाठवून दिलेली रक्कम, तारीख आणि पावती क्रमांक विचारायचा. पत्राचे उत्तर ऑडिटरच्या पत्त्यावर यावे, कारण कार्यालयात आलेले उत्तर वाटेतच थांबू शकते. मूळ पावती आणि स्थळप्रत यांतला आकडा वेगळा असेल, तर तो फक्त देणगीदाराच्या हातातल्या कागदावरून कळतो.

उरलेले काम महिन्याचे आहे. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत कोषाध्यक्षांनी मागच्या महिन्याचा खातेउतारा समोर घ्यायचा. पावती आहे पण भरणा नाही अशी एक यादी आणि भरणा आहे पण पावती नाही अशी दुसरी यादी करायची. दोन्ही याद्यांवर सही करून त्या सभेपुढे ठेवायच्या. या संस्थेत वर्षाला साताठशे पावत्या निघतात असे धरले, तर महिन्याला साठ-सत्तर येतात. एका संध्याकाळी त्या तपासून होतात. ऑक्टोबरच्या याद्या नोव्हेंबरात पाहिल्या गेल्या असत्या, तर भरणा तीन दिवसांवरून दहा दिवसांवर गेल्याचे तेव्हाच दिसले असते आणि १४ जूनला डबा उघडण्याआधी सात महिने लेखनिकाला विचारता आले असते.